फंड साडेचौदा लाखांचा, हाताशी सात लाखही नाहीत! शुक्रवारी बँकेत कर्जाची बैठक आहे

मास्तरीणबाई · मंगळवार, रात्री ११:४०

गोष्ट लहानशीच आहे, पण झोप उडवलीय, म्हणून लिहिते.

त्रिमूर्तीनगरात आमची चोवीस फ्लॅटची सोसायटी. मी सदतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाले तशी सगळे म्हणाले, बाई आता रिकाम्याच आहेत, करा सेक्रेटरी. केलं. दोन वर्षं इतिवृत्त लिहिलं, शुद्धलेखनासकट. ताळेबंदावर सही मात्र खजिनदार बोट ठेवतील तिथे करत आले, हे आधीच कबूल करते.

या पावसाळ्यात वरचे चारही फ्लॅट गळले. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सांडपाण्याचे पाईप आणि पश्चिमेच्या भिंतीचं प्लास्टर मिळून अठरा लाखांचं कोटेशन आलं. कमिटीत हिशेब झाला तो असा: सिंकिंग फंड आठ लाख दहा हजार, दुरुस्ती निधी सहा लाख चाळीस हजार, म्हणजे साडेचौदा लाख आपलेच. वरचे साडेतीन-चार लाख बँकेकडून घेऊ. बँकेने शुक्रवारी बोलावलंय. अध्यक्ष पुण्याला मुलाकडे, खजिनदारांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. जायचं मी.

काल संध्याकाळी कागद लावत होते. तळमजल्यावरचे काका सूतगिरणीच्या हिशेब विभागातून निवृत्त झालेत. त्यांना सहज म्हटलं, एकदा नजर टाका. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "बाई, हे साडेचौदा लाख ठेवलेत कुठे?"

मी म्हटलं, "हे काय, लिहिलंय ना इथे."

"ते डावीकडे लिहिलंय. डावीकडे नुसती नावं असतात. पैसे कोणाचे, कशासाठी घेतले, एवढंच. ठेवलेत कुठे ते उजवीकडे पाहायचं. डावीकडची नावं वाचायची, उजवीकडच्या वस्तू मोजायच्या."

मग आम्ही मोजल्या. ३१ मार्च २०२५ चा ताळेबंद. डावीकडे भागभांडवल ६,०००, राखीव निधी १,१५,०००, सिंकिंग फंड ८,१०,०००, दुरुस्ती निधी ६,४०,०००, वीजबिल-ऑडिट फी वगैरे देणी ३८,००० आणि काही सभासदांनी आगाऊ भरलेला मेंटेनन्स ४१,०००. बेरीज साडेसोळा लाख.

उजवीकडे मुदत ठेव ५,२०,०००, तिच्यावरचं येणं व्याज ३०,०००, बँकेत १,४२,०००, रोख ३,०००. इथे काकांनी पेन्सिलने रेघ मारली. म्हणाले, "पैसा इथे संपला." सहा लाख पंच्याण्णव हजार.

रेघेखाली उरलं ते असं: सभासदांकडून येणं ४,६५,०००, पंप-मोटार-जनरेटर घसारा जाऊन १,२०,०००, उचंत ६०,०००, आणि अगदी तळाशी 'उत्पन्न-खर्च खाते, तूट' ३,१०,०००. तीही बेरीज साडेसोळा लाख. दोन्ही बाजू जुळलेल्या पाहून मी दरवर्षी निश्चिंत व्हायची. काका म्हणाले, जुळणारच. पैसा खर्च झाला तरी जुळते, बुडाला तरी जुळते.

तूट उजवीकडे का, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. तोटा मालमत्तेच्या रांगेत बसलाय! काकांनी समजावलं की तो खड्डा आहे. महिन्याच्या सोळाशे मेंटेनन्सपैकी रोजच्या खर्चाचे बाराशे रुपये २०१७ पासून तेच आहेत. खर्च फ्लॅटमागे चौदाशेवर गेलाय. दोनशे गुणिले चोवीस फ्लॅट गुणिले बारा महिने, म्हणजे वर्षाला सत्तावन्न हजार सहाशे. पाच-सहा वर्षं हे पैसे फंडाच्या पिशवीतून जात राहिले आणि पिशवीवरचं लेबल तेच राहिलं.

आणखी एक नवल. इमारतच ताळेबंदात नाही. आपण फ्लॅटचे पैसे थेट बिल्डरला दिले, सोसायटीने काही विकत घेतलं नाही, म्हणून नाही, असं काका म्हणाले.

तर प्रश्न असा: सहा पंच्याण्णवमधून ३८ आणि ४१ हजार वजा करून मी ६,१६,००० खरे धरले. हे बरोबर आहे का? आणि शुक्रवारी चार लाख मागायचे की बारा?

---

बर्डीचाबंड्या · बुधवार, सकाळी ७:१५

बाई, उगाच घाबरून राहिल्या तुम्ही. ताळेबंद ऑडिट झालेला आहे ना? मग फंड आहे म्हणजे आहे. येणं ४.६५ लाखही तुमचंच आहे, आज ना उद्या येणार. कलम १०१ ची वसुलीची नोटीस लावा, पळत येतील. आणि कर्जाची मर्यादा नियमात दहापट आहे. भागभांडवल ६ हजार अधिक राखीव निधी १ लाख १५ हजार, झाले १ लाख २१ हजार. दहापट म्हणजे १२ लाख १० हजार. बिनधास्त बारा मागा.

---

काटोलकर · बुधवार, सकाळी ८:०२

नमस्कार. आमच्या गावच्या सेवा सोसायटीचा गटसचिव बी असाच. पीककर्जाची यादी जिल्हा बँकेत पाठवाची तर मले म्हणते तुमचं मागचं बाकी दिसते. मी संत्र्याचे पैसे आल्याबरोबर भरलेत, पावती हाय माह्याजवळ. बाई तुम्ही सचिव हाय तर सांगा, पावती असून बाकी कशी दिसते?

---

मास्तरीणबाई · बुधवार, सकाळी ८:३०

काटोलकर भाऊ, माझी सोसायटी राहण्याची आहे, शेतीकर्जाची नाही. तरी पावती जपून ठेवा.

बंड्या, ऑडिट झालंय हे खरं, वर्ग 'ब' आहे. पण काल मागच्या सहा वर्षांचे अहवाल काढले. प्रत्येकात ऑडिटरचा शेरा, 'थकबाकी वसुलीकडे लक्ष द्यावे'. आणि आमच्या दोषदुरुस्ती अहवालात सहाही वर्षं एकच वाक्य, 'कार्यवाही सुरू आहे'. वर्गात कोणी असा गृहपाठ दिला असता तर मी पालकांना बोलावलं असतं. शेवटच्या दोन अहवालांवर माझीच सही आहे.

---

किर्दखतावणी · बुधवार, दुपारी १२:५०

बाई, तुमच्या काकांना नमस्कार सांगा. रेघ योग्य जागी मारली. मी सहकारी संस्थांच्या तपासणीत आयुष्य घालवलं, त्या रेघेपर्यंत पोचणारे सेक्रेटरी फार नाही भेटले.

६,१६,००० बरोबर. फक्त ठेव मुदतीआधी मोडली तर व्याज कमी बसेल, म्हणून ते तीस हजार पूर्ण धरू नका. आणि दोन महिन्यांचा रोजचा खर्च, सत्तरेक हजार, बाजूला ठेवा. वीजबिल कर्जासाठी थांबत नाही. तेव्हा कामाला लावता येतील असे सव्वापाच लाख, फार तर साडेपाच.

आता येणं. तुमच्याकडे बिल निघतं त्या दिवशीच फंडाची रक्कम डावीकडे चढते. सभासदाने भरलं की नाही याच्याशी तिचा संबंध नसतो. न भरलेलं उजवीकडे येणं म्हणून बसतं. म्हणजे जो कधीच भरत नाही त्याच्या नावानेही तुमचा सिंकिंग फंड दर तिमाहीला वाढतोय. फंड वाढताना दिसतो आणि ठेव वाढत नाही, ही खूण. मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवा आणि फक्त या दोन ओळी पहा.

सभासदवार थकबाकीची यादी ताळेबंदाला जोडलेली असते. ती काढून सांगा, किती जणांकडे किती, आणि त्यात थकबाकीवरचं व्याज किती. ते कळल्याशिवाय ४,६५,००० हा आकडा वाचला असं मी म्हणणार नाही.

बंड्या, दहापटीचं अर्धं वाक्य वाचलंत. भागभांडवल, राखीव निधी आणि इमारत निधी यांच्या बेरजेतून संचित तोटा वजा करायचा असतो, मग दहापट. १,२१,००० वजा ३,१०,००० किती होतात ते तुम्हीच सांगा. आणि गृहनिर्माण संस्थांची वसुली आता १५४ब-२९ खाली होते. १०१ म्हणायची सवय सगळ्यांनाच आहे, अर्जावर मात्र लिहू नका.

---

बर्डीचाबंड्या · बुधवार, दुपारी १:२०

उणे एक लाख एकोणनव्वद हजार. बाप्पा!! म्हणजे कर्जच नाही मिळणार?

पण सिंकिंग फंड का धरत नाही मग? तो तर आठ लाख आहे.

---

किर्दखतावणी · बुधवार, दुपारी १:४५

कारण मर्यादेच्या सूत्रात त्याचं नाव नाही. कोणी ऑडिटर त्याला इमारत निधीत धरायला तयार होतो, कोणी नाही. दोन्ही पाहिलंय. मी धरलं नसतं. मर्यादेबाहेर जायचं तर निबंधकांची आधी परवानगी लागते, दार बंद नाही. पण बैठकीत हे बँकेच्या माणसाने काढण्याआधी बाईंनी काढावं.

---

प्रतापनगरी · बुधवार, दुपारी ४:१०

आमच्याकडे हेच झालं, फक्त उलट. आम्ही कर्ज घेतलंच नाही, फ्लॅटमागे पंचेचाळीस हजार वर्गणी काढली. वीस जणांनी भरले, चौघांनी नाही, काम अर्धवट थांबलं आणि ठेकेदाराला दिलेला ॲडव्हान्स आजही आमच्या ताळेबंदात बसून आहे. तुमचं ते उचंत साठ हजार वाचून तेच आठवलं. ताई, उचंत म्हणजे नक्की काय हो? आमच्याकडे त्याला सगळे 'सस्पेन्स' म्हणतात आणि खरंच सस्पेन्स आहे.

---

मास्तरीणबाई · बुधवार, रात्री १०:०५

शब्दावर मी बोलू शकते. उचंत म्हणजे वरच्यावर, हंगामी ठेवलेलं, अजून कुठल्या खात्यात घालायचं ते ठरलेलं नाही असं. आमचे साठ हजार २०१९ साली एका प्लंबरला दिले होते म्हणे. काम झालं का, कोणी सांगत नाही. बिल नाही. सहा वर्षं 'हंगामी' आहेत.

यादी काढली. ४,६५,००० पैकी ३,४०,००० तीन फ्लॅटकडे. एक बिल्डरचा न विकलेला, तो म्हणतो मी राहत नाही तर मेंटेनन्स कशाला. एकाचे मालक वारले, दोन भावांत वाद आहे. तिसरे गृहस्थ रोज जिन्यात नमस्कार करतात, पैसे देत नाहीत. बाकीचे सव्वा लाख एकवीस जणांचे, बहुतेक शेवटच्या तिमाहीचे, ते येतात. आणि थकबाकीवर २१ टक्क्यांनी लावलेलं सरळव्याज १,३४,००० आहे.

फंड आणि ठेव शेजारी ठेवून पाहिलं. तीन वर्षांत दोन्ही फंड मिळून अडीच लाखांनी वाढलेत. ठेव पाच लाख वीस हजार होती, तेवढीच आहे.

---

किर्दखतावणी · बुधवार, रात्री १०:४०

ते १,३४,००० उत्पन्नात धरलेले असणार. उत्पन्न-खर्च पत्रकात 'थकबाकीवरील व्याज' अशी ओळ पहा. असेल तर तुमची तूट ३,१०,००० ही न आलेलं व्याज आलं असं समजून आहे. ते काढलं तर ४,४४,०००. उचंतचं बिल सापडलं नाही तर त्यात साठ हजार आणखी.

भांडणातला फ्लॅट आणि जिन्यातले गृहस्थ, या दोघांचं आज ना उद्या वसूल होईल. भावांपैकी कोणालाही फ्लॅट विकायचा तर सोसायटीचं येणं चुकवल्याशिवाय हस्तांतरण होणार नाही. बिल्डरच्या फ्लॅटचं मी काही सांगत नाही. त्यावर दहा वकील अकरा मतं देतात.

---

काउंटरनंबरचार · गुरुवार, सकाळी ९:२५

मी एका नागरी बँकेच्या कर्ज विभागात आहे. बाईंची बँक नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

सोसायटीची फाईल आली की ताळेबंदाची बेरीज आम्ही पाहत नाही. पाहतो ते दर महिन्याला खात्यात किती येतं. कारण हप्ता बेरजेतून जात नाही, मेंटेनन्समधून जातो. आणि जमीन अजून बिल्डरच्या नावावर असेल, मानीव अभिहस्तांतरण झालेलं नसेल, तर गहाण ठेवायला सोसायटीकडे काय आहे? काहीच नाही. उरतं ते वसुली आणि ठेव.

बारा-साडेबारा लाख, पाच वर्षं, बारा टक्के धरून चला. साडेबारा लाखांचा हप्ता सुमारे २७,८०० बसेल. चोवीस फ्लॅटना वाटला तर प्रत्येकी ११६० च्या आसपास. पण तुमच्याकडे तीन जण भरत नाहीत. एकवीसने भागा, १३२५ होतात. आज १६०० भरणाऱ्या माणसाला तुम्ही २९०० मागणार आहात. वर ती दोनशेची रोजची तूट आहेच, म्हणजे ३१००. आमचा साहेब पहिला प्रश्न हाच विचारेल, की सभेत याला हो म्हणालेत का.

चार लाख मागायला गेला असतात तर ठेवतारणावर तिथल्या तिथे मिळाले असते. आणि डिसेंबरात ठेकेदाराचं दुसरं बिल आलं असतं तेव्हा पुन्हा आला असतात. असे परत येणारे आम्ही फार पाहतो.

एक विषय सोडून. पाच लाख वीस हजार एकाच सहकारी बँकेत असतील तर ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत पाच लाखांपर्यंतच आहे, तेही व्याज धरून. आणि त्याच बँकेतली चालू-बचत शिल्लक त्याच पाच लाखांत मोजली जाते.

---

बर्डीचाबंड्या · गुरुवार, सकाळी १०:००

भाऊ, १६०० चे ३१०० म्हटल्यावर तर सभेत खुर्च्या उडतील. मी म्हणतो तूट मिटवून टाका ना कागदावर. दुरुस्ती निधीतून ३,१०,००० कमी करा, तूट शून्य. मर्यादा परत १२ लाख १० हजार!

---

किर्दखतावणी · गुरुवार, सकाळी ११:१५

निम्मं खरं आहे तुमचं. पैसा तिथूनच गेलाय, तेव्हा लेबल खरं करायला हरकत नसावी असं वाटतं. पण दुरुस्तीसाठी म्हणून घेतलेला निधी पगार-वीजबिलाच्या तुटीत वळवायचा, तर सर्वसाधारण सभेसमोर उघड मांडून ठराव करावा लागेल, आणि ऑडिटर तो मान्य करेल याची खात्री मी देणार नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी तर मुळीच करू नका. ३१ मार्चचा ताळेबंद ३१ मार्चचाच राहतो.

त्यापेक्षा तूट सभासदांनी भरून द्यावी. ३,१०,००० भागिले २४, फ्लॅटमागे तेरा हजारांच्या आत. कटू आहे, पण पाच वर्षं ज्याने दरमहा दोनशे कमी भरले त्याच्याकडूनच घेताय.

---

प्रतापनगरी · गुरुवार, दुपारी १२:३०

आणि ज्याने फ्लॅट मागच्या वर्षी विकत घेतला त्याने काय पाप केलं?

---

किर्दखतावणी · गुरुवार, दुपारी १२:५५

प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे उत्तर नाही.

---

मास्तरीणबाई · शुक्रवार, रात्री ९:२०

जाऊन आले. सगळ्यांनी इतकं लिहिलंत म्हणून सविस्तर सांगते.

व्यवस्थापक तरुण होते. फाईल उघडून म्हणाले, "मॅडम, फंड चांगला आहे तुमचा." एक क्षण मोह झाला, हो म्हणावं आणि गप्प बसावं. मग काकांची पेन्सिलीची रेघ दाखवली. म्हटलं, पैसा इथपर्यंत आहे. खालचं काय आहे ते मी सांगते. तीन फ्लॅट, १,३४,००० व्याज, साठ हजार उचंत, तूट. दहापटीचं सूत्रही मीच काढलं, उणे येतं म्हणून. ते थांबले, पाणी मागवलं आणि म्हणाले, आता बोलू.

साडेबारा लाखांचा अर्ज घेतला नाही, नाकारलाही नाही. त्यांना हवंय ते असं: हप्त्यासह नव्या मेंटेनन्सचा सभेचा ठराव, मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष किती वसूल झालं त्याचा खातेउतारा, तीन थकबाकीदारांवर अर्ज केल्याची पोच, आणि मर्यादेबाबत निबंधक कार्यालयाचं पत्र किंवा तूट भरल्याचा हिशेब. वर सिंकिंग फंड या कामाला वापरायचा तर आर्किटेक्टचं प्रमाणपत्र. मी विचारलं, निम्मं काम आधी केलं तर? गच्ची तेवढी साडेसात लाखांत होते. ते म्हणाले, तसा अर्ज असेल तर मर्यादेचा प्रश्न तोच राहतो, पण हप्ता हलका होतो, विचार करता येईल. सव्वापाच लाख आपले धरले तर गच्चीसाठी सव्वादोनच लाख लागतात. हे घरी येताना रिक्षात सुचलेलं गणित, चुकलं असेल तर सांगा.

विशेष सभेची नोटीस उद्या लावते, पाच दिवस मध्ये सोडून पुढच्या रविवारी. नोटिशीला ताळेबंद जोडणार आहे, रेघेसकट. खजिनदारांचा फोन आला होता. रेघ मारायची काय गरज होती, म्हणाले. मी म्हटलं, डोळा बरा झाला की बोलू.

---

काउंटरनंबरचार · शुक्रवार, रात्री ९:५०

गणित बरोबर. फक्त सव्वापाच लाख सगळे गच्चीत घातले तर ठेव संपते, आणि तारण म्हणून ठेवच होती. साहेबांना ते लक्षात आलं असेल. सभेआधी विचारून घ्या.

---

मास्तरीणबाई · शुक्रवार, रात्री १०:०२

हे नव्हतं लक्षात आलं. सोमवारी फोन करते.

आणि उचंतचा कागद सापडला. जुन्या खजिनदारांच्या पत्नीने पेटी उघडून दिली. व्हाउचर साठ हजारांचं आहे, खाली प्लंबरचा अंगठा आणि 'टाकीच्या कामाकरिता आगाऊ'. आमच्याकडे २०१९ साली नवी टाकी बसली होती का, हे आता जुन्या भाडेकरूंना विचारत बसलेय.

---

काटोलकर · शनिवार, सकाळी ६:४०

बाई, पावती घेऊन सोसायटीत गेलो होतो. पावती फाटलेल्या बुकातली हाय, किर्दीत चढलीच नाही म्हणते गटसचिव. आता काय करू?

---

किर्दखतावणी · शनिवार, सकाळी ९:३०

काटोलकर, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो तिथे. पावतीचा क्रमांक आणि तारीख लिहा, आणि मूळ पावती कोणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.